वाद आणि जल्प: घरातलं भांडण नेमकं कुठल्या जातीचं?

"उगाच वाद घालू नकोस" असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर आपल्याला म्हणायचं असतं, "जल्प करू नकोस". हा शब्द आता कुणी वापरत नाही, पण गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, त्याची व्याख्या आहे. तिथे चर्चेच्या तीन जाती सांगितल्या आहेत. खरं काय ते कळावं म्हणून दोघांनी केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं तेवढं पाडत राहणं म्हणजे वितंडा. मराठीने वितंडवाद जपून ठेवला, जल्प हरवला, आणि बिचाऱ्या वादाला भांडणाचा अर्थ चिकटवून टाकला. त्यामुळे नवराबायकोचं बोलणं तापलं की ते कुठल्या जातीचं आहे हे सांगायला आपल्याकडे शब्दच उरला नाही.

बाहेरून वाद आणि जल्प सारखेच दिसतात. दोन्हींत दोन बाजू असतात, दोन्हींत पुरावे आणि तर्क असतात. आवाज चढला म्हणजे जल्प, हेही खरं नाही. चढ्या आवाजातही खरा वाद होतो आणि अगदी थंड, गोड आवाजातही जल्प चालतो. फरक कळतो तो विषय कुठे सरकतो त्यावरून.

समजा, डोंबिवलीतलं एक घर. तिचं ऑफिस ठाण्याला, त्याचं दादरला. मुलाचं पाळणाघर साडेसातला बंद होतं आणि मुलाला आणायचं काम त्याच्याकडे आहे.

"तू नेहमी उशिरा येतोस."

"नेहमी? सोमवारी सव्वासातला पाळणाघराच्या दारात होतो."

"मी सोमवारचं बोलत नाहीये."

"मग 'नेहमी' कशाला म्हणालीस?"

"बरं, आठवड्यातून तीनदा."

"दोनदा. आणि बुधवारी गाड्याच रखडल्या होत्या."

"आईच्या वाढदिवसाला बरा चारलाच निघालास."

"हे बघ, आता आईला मध्ये आणू नकोस."

पाच मिनिटांत 'नेहमी' या शब्दावर तो जिंकला, वाढदिवसाच्या मुद्द्यावर ती जिंकली. पोरगं मात्र गुरुवारीही चपला घालून, दप्तर मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसणार आहे. त्याच्याबद्दल एक वाक्यही झालेलं नाही.

'नेहमी' हा शब्द पकडून त्याने जे केलं त्याला न्यायशास्त्रात 'छल' म्हणतात. बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ माहीत असूनही शब्दाचा दुसरा अर्थ धरायचा आणि तो खोटा पाडायचा. त्याचं जुनं उदाहरण मजेदार आहे. कुणीतरी म्हणतो, "हा मुलगा नवकंबल आहे", म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. छल करणारा उलट विचारतो, "नऊ घोंगड्या? मला तर एकच दिसते." संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही. नऊ घोंगड्या नाहीत हे शंभर टक्के खरं, पण मूळ बोलणं त्याबद्दल नव्हतंच. घरातले बहुतेक जल्प या नऊ घोंगड्यांवरच चालतात: किती वेळा, कोणता वार, नेमका कोणता शब्द, कोणत्या सुरात.

छलाला छलाने उत्तर दिलं की जल्प पक्का होतो. "तीनदा नाही, दोनदा" याला "बुधवार धरला तर तीनदाच" हे उत्तर म्हणजे आपणही घोंगड्या मोजायला बसणं. छोटा मुद्दा लगेच देऊन टाकावा आणि आपला अर्थ पुन्हा सांगावा. "बरोबर, दोनदा. 'नेहमी' चुकीचं होतं. मला म्हणायचं होतं की साडेसातनंतर तो एकटा उरतो, तेव्हा घाबरतो." यात हार काही नाही. ज्याला जिंकायचंच आहे त्याच्या हातात धरायला शब्द उरत नाही, एवढंच.

मला सगळ्यात उपयोगी वाटलं ते याच सूत्रांतलं आणखी एक वाक्य. जल्प आणि वितंडा वाईटच, असं गौतम म्हणत नाही. कोवळ्या अंकुराला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे तेही काहीतरी राखायला असतात, असं तो म्हणतो. सतत जिंकायला बघणाऱ्या जोडीदाराबाबत विचारायचा प्रश्न हाच: कुंपणाच्या आत काय आहे? इथे त्याला 'उशीर झाला' एवढंच ऐकू येत नव्हतं. 'तुला पोराची पर्वा नाही' असं ऐकू येत होतं, आणि ते पाडण्यासाठी तो वार मोजत होता. हे बाहेर यायला ऐन भांडणात विचारून चालत नाही. छातीत धडधडत असताना कुणालाच नीट ऐकू येत नाही. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन अशा वेळी किमान 20 मिनिटं थांबायला सांगतात. थांबताना "जेवणं झाल्यावर बोलू" अशी वेळ मात्र सांगायची. नाहीतर उठून जाणं हाही एक डाव वाटतो.

जेवणानंतर तिने मुद्दा मांडला नाही, विचारलं: "मंगळवारी-गुरुवारी नेमकं काय होतं?" त्या दोन दिवशी सहाची मीटिंग असते, ती कधी संपेल सांगता येत नाही, आणि मध्येच उठायची त्याला लाज वाटते. ही माहिती सगळ्या जल्पात एकदाही आली नव्हती, कारण तिथे ती दिली असती तर कबुली ठरली असती. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: मंगळवार-गुरुवार ती आणणार, बाकी तीन दिवस तो. त्याच्या दिवशी 6.10 पर्यंत तो गाडीत नसेल तर त्याने फक्त 'नाही' एवढाच मेसेज करायचा, कारण लिहायचं नाही आणि तिने विचारायचं नाही. मग खालच्या मजल्यावरच्या काकू जाणार; त्यासाठी त्यांचं नाव पाळणाघरात नोंदवून ठेवायचं. तीन आठवडे करून बघायचं.

वितंडेला औषध वेगळं. काकू नकोत, मीटिंग बदलणं अशक्य, रिक्षावाल्या काकांवर भरवसा नाही, असं प्रत्येक सुचवण्यावर पाणी पडायला लागलं की आणखी सुचवणं थांबवायचं. जितकं सुचवाल तितकं पाडलं जाईल. "ठीक, मग तू एक सांग, आपण तेच करून बघू" म्हणायचं आणि खरंच गप्प बसायचं. ही शांतता अवघड जाते, आपल्यालाच.

एक मर्यादा आहे. वादात हरल्यावर जो अबोला धरतो आणि जो घरखर्चाचे पैसे अडवतो, फोन काढून घेतो किंवा धमकी देतो, ते दोघे एक नव्हेत. दुसऱ्याचं वागणं हा जल्पही नव्हे. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही येतो. तिथे छोटा मुद्दा देऊन टाकण्याची युक्ती उलटते. त्या वेळी 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर उपयोगाचा.

त्या घरात तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कॅलेंडर उलटं करून दोघं बसले. "काकूंना तीनदा जावं लागलं," ती म्हणाली. "दोनदा," तो म्हणाला. मग स्वतःच थांबला आणि म्हणाला, "दोनदा की तीनदा ते असू दे, दोन्ही वेळा शुक्रवार होता. शुक्रवारचं काय करायचं?"