जळलेला पाक रात्रभर पाण्यात राहूनही का सुटत नाही?

गुळाचा पाक गॅसवर होता आणि मी दाराशी कुणाशी तरी बोलत उभा राहिलो. करपट वास आला तेव्हा उशीर झाला होता. वीस सेंटिमीटर व्यासाचं स्टीलचं पातेलं, तळाला साधारण तीन मिलिमीटरचा काळा थर, कडांवर उडालेले तपकिरी थेंब. गॅस बंद केला, पातेलं थोडं निवल्यावर काठोकाठ पाणी भरलं आणि झोपलो. सकाळी पाहिलं तर वरचं पाणी जवळजवळ नितळ होतं. तळाशी दाट, काळपट चिकट द्रव साचला होता आणि त्याखालचा थर कालच्याइतकाच टणक होता.

हे चमत्कारिक वाटलं, कारण हिशेब पाण्याच्या बाजूने होता. त्या तळाचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरतं. तीन मिलिमीटर जाडीचा थर धरला तर त्यात साधारण १४० ग्रॅम माल असावा. वीस अंशांच्या शंभर ग्रॅम पाण्यात जवळपास दोनशे ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे एवढ्या साखरेला सत्तर ग्रॅम पाणीही पुरतं, आणि मी ओतलं होतं दोन लिटरच्या आसपास. त्या थरातलं सगळंच काही साखर नव्हतं, त्याबद्दल पुढे लिहितो. पण जी साखर होती तीसुद्धा सुटली नव्हती.

कारण साखरेचं पाणी जड असतं. साखरेने पूर्ण भरलेल्या एक लिटर पाण्याचं वजन सुमारे सव्वा किलोपेक्षाही जास्त, १.३३ किलो भरतं. थरातून सुटलेली साखर लगतच्या पाण्यात मिसळते, ते पाणी जड होतं आणि जिथे आहे तिथेच, तळाशी, बसून राहतं. काही वेळाने या पाण्यात आणखी साखर मावेनाशी होते. आता कोऱ्या पाण्याला थरापर्यंत पोहोचायचं तर या दाट पडद्यातून एकेक रेणूने झिरपत यावं लागतं, आणि असं झिरपणं कमालीचं संथ असतं. वर कितीही पाणी असलं तरी जळलेल्या थराला भेटतो तो फक्त त्याच्याच पाकाचा पडदा.

हे डोळ्यांनी पाहता येतं. साखरेचा मोठा खडा दोऱ्याला बांधून पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात वरच्या बाजूला टांगा आणि ग्लास उजेडासमोर धरा. खड्याखालून नागमोडी रेषा तळाकडे उतरताना दिसतील. ते जड झालेलं पाणी आहे. ते खाली निघून जातं म्हणून खड्याला सतत ताजं पाणी मिळतं आणि तो लवकर संपतो. तसाच खडा तळाशी ठेवला तर तो स्वतःच्या पाकात बसून राहतो.

यातून दोन मार्ग निघतात. पहिला, पातेलं उलटं भिजवायचा. बादलीत पाणी घ्या, पातेलं आधी आडवं बुडवून त्यातली हवा पूर्ण जाऊ द्या आणि मग पालथं करा. हवा अडकली तर तळ कोरडाच राहील. काठाखाली दोन चमचे आडवे ठेवले की जड पाकाला खाली निसटायला फट मिळते. थर आता छताला असतो, सुटलेली साखर आपोआप खाली जाते आणि ताजं पाणी तिची जागा घेतं. हँडल लाकडी असेल तर मात्र हे करू नका.

दुसरा मार्ग उष्णतेचा, आणि मी सहसा तोच घेतो. खालून तापवलं की तळाचं पाणी हलकं होऊन वर येऊ लागतं, बुडबुडे ते ढवळतात आणि पडदा फाटतो. शिवाय उकळत्या पाण्यात साखर थंड पाण्याच्या दुपटीहून जास्त विरघळते. आणखी एक फायदा असा की वितळून थिजलेली साखर म्हणजे एक प्रकारची काचच असते. तिच्यात स्फटिक नसतात, म्हणूनच ती इतकी टणक आणि ठिसूळ वाटते. साखरेची कोरडी काच साधारण साठ-सत्तर अंशांच्या वर मऊ पडू लागते, आणि ओलावा शिरला की त्याहून कमी तापमानाला. गरम पाणी तिला आधी नरम करतं आणि मग विरघळवतं.

पण पाणी केव्हा घालायचं ते महत्त्वाचं. साखर तपकिरी होऊ लागते ती १६०-१७० अंशांच्या पुढे, म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या खूप वर. त्या अवस्थेत पाणी पडलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेला पाक उसळून हातावर चिकटतो. तो झटकून निघत नाही, म्हणून त्याचा भाजका खोल जातो. पातेल्याचा तळही अचानक आकसून वाकू शकतो. थर थिजून कडक होईल याची भीती नको. तो कडक झाला तरी गरम पाणी त्याला सोडवणारच आहे. बाहेरून हात लावता येईपर्यंत थांबा.

मी त्या सकाळी दाट पाणी ओतून दिलं, थर बुडून वर चार बोटं राहील इतकं नवं पाणी घेतलं आणि मंद आचेवर ठेवलं. दहा मिनिटांत पाणी कोऱ्या चहासारखं झालं. लाकडी उलथणं तळावरून फिरवलं तर वरचा भाग साबणासारखा निसरडा लागला. कडांवरचे थेंब पाण्याच्या वर होते, म्हणून झाकण ठेवलं. वाफ कडांवर निवते आणि खाली ओघळताना ते थेंब घेऊन जाते. वीस मिनिटांनी पाणी बदललं. दुसऱ्या पाण्याला फिकट रंग आला, तिसरं जवळजवळ स्वच्छ राहिलं. पाणी रंगायचं थांबलं की या टप्प्याचं काम संपलं, मग तळ कसाही दिसो. माझ्या तळावर अजून एक पातळ, खरखरीत, काळी कुळकुळीत साय होती.

ही साय म्हणजे साखर नव्हे. साखर तापत राहिली की तिच्या रेणूंमधून पाणी निघून जातं आणि उरलेले तुकडे एकमेकांना जोडले जाऊन मोठमोठ्या साखळ्या बनतात. सुरुवातीच्या साखळ्या सोनेरी असतात आणि पाण्यात सहज विरघळतात. पुढच्या तपकिरी, कडवट आणि विरघळायला नाखूश. शेवटी उरतो तो बहुतांश कोळसा. गुळात हा प्रवास लवकर उरकतो. त्यात मूळ साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, आणि फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच तपकिरी व्हायला लागतं. शिवाय गुळात थोडी प्रथिनं असतात. त्यांचे घटक या साखरांशी संयोग पावून गडद रंगाचे मोठे रेणू बनवतात. त्यामुळे तेवढ्याच वेळात गुळाचं पातेलं साखरेच्या पातेल्यापेक्षा जास्त काळं होतं आणि नुसत्या पाण्याने सुटणारा भाग त्यात कमी उरतो.

कोळसा विरघळवेल असं स्वयंपाकघरात काहीही नसतं. पण कोळशाचे कण स्टीलला थेट चिकटलेले नसतात. त्यांना धरून ठेवते ती तपकिरी, हट्टी साखळ्यांची खळ, आणि या खळीची एक दुखरी नस आहे. तिच्यात आम्लधर्मी गट असतात. अल्कधर्मी पाण्यात त्या गटांवर विद्युतभार येतो, साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात, खळ फुगते आणि पाण्यात जाऊ लागते. तिच्यासोबत कोळसा पापुद्र्यांनी सुटतो.

म्हणून इथे धुण्याचा सोडा हवा. एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, मंद उकळी, वीस मिनिटं. हातमोजे घाला, कारण हे पाणी त्वचेवरचं तेलही काढून घेतं. धुण्याचा सोडा नसेल तर खाण्याचा सोडाही चालतो, पण तो उकळायला हवा. थंड पाण्यात तो अगदी सौम्य असतो. उकळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचं हळूहळू धुण्याच्या सोड्यात रूपांतर होतं. तो थंड पाण्यातच घाला. उकळत्या पाण्यात टाकला तर फेस काठावरून बाहेर येतो.

माझ्या पातेल्यात दहाव्या मिनिटाला स्वच्छ दिसणारं पाणी पुन्हा गडद तपकिरी झालं. खळ सुटत असल्याची ती खूण. पंधराव्या मिनिटाला नखाएवढे काळे पापुद्रे तरंगू लागले. पाणी ओतून उलथण्याने उरलेलं ढकललं, तेव्हा तळाचा बहुतेक भाग मोकळा झाला. मधोमध, जिथे आच सर्वांत जास्त होती, एक रुपयाएवढा डाग राहिला. त्याला सोड्याचा आणखी एक हात दिला आणि मग खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट लावून मऊ घासणीने घासला. तेवढ्यावर तो गेला.

लोक इथे व्हिनेगर किंवा लिंबू सुचवतात. या थरावर त्यांचा उपयोग नाही, कारण आम्लात ती खळ फुगण्याऐवजी आवळली जाते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातले तर फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरतं जवळपास मिठासारखं बिनकामाचं पाणी. रिकामं पातेलं तापवून कोळसा जाळून टाकायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. स्वतःला तापवून साफ होणारे ओव्हन कोळशाची राख करायला ५०० अंशांच्या जवळ जातात. तेवढ्या तापाने पातेल्याच्या तळाचे जोडलेले थर सुटू शकतात.

स्टीलला जपायचं ते त्याच्या पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्यासाठी. स्टील गंजत नाही ते त्याच्यामुळे. क्लोरीनचं ब्लीच त्याला भेदून बारीक खड्डे पाडतं, आणि त्या खड्ड्यांत पुढचा पाक आणखी घट्ट बसतो. साध्या लोखंडी तारेची घासणी ओरखडे काढतेच, शिवाय मागे लोखंडाचे कण सोडते. तेच काही दिवसांनी गंजतात आणि पातेलं खराब झाल्यासारखं दिसतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यात मात्र धुण्याचा सोडा अजिबात उकळू नका. तो धातूच खाऊ लागतो आणि भांडं काळवंडतं. काही स्टीलच्या पातेल्यांचा तळ बाहेरून ॲल्युमिनियमचा असतो. अशा पातेल्यात सोड्याचं पाणी आतच ठेवा, उतू जाऊ देऊ नका.

सगळं निघाल्यावर माझ्या तळावर निळसर-सोनेरी झाक उरली होती. हा डाग नसतो. जास्त तापल्याने ऑक्साइडचा पापुद्रा किंचित जाड होतो आणि त्याच्या दोन बाजूंवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. व्हिनेगरचं खरं काम इथे. सोडा पूर्ण धुऊन काढल्यावर चमचाभर व्हिनेगर कापडाने चोळलं, पाच मिनिटं थांबलो आणि पाण्याने धुतलं. झाक गेली. मुठीच्या रिव्हेटभोवती एक बारीक काळी रेघ अजून आहे. ती काढायला तिथे टोकदार काही घालावं लागेल, म्हणून मी ती तशीच ठेवली आहे.