वानरांचा गच्ची-उपद्रव (खानदेश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील गावांत व शहरांत वानरांच्या टोळ्या घरांच्या गच्च्यांवर आणि स्वयंपाकघरांत शिरून अन्न पळवतात, त्या वर्तनाची व त्यावरील अहिंसक उपायांची ही नोंद आहे. शेतातील नुकसान हा वेगळा विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

‘वानर’ आणि ‘माकड’ हे शब्द बोलण्यात सरमिसळ वापरले जातात. अहिराणीत दोघांनाही सहसा ‘वांदर’ म्हणतात. ‘माकड’ हा शब्द संस्कृत ‘मर्कट’पासून प्राकृत ‘मक्कड’मार्गे आला, याबद्दल फारसा वाद नाही. ‘वानर’ची व्युत्पत्ती मात्र दोन प्रकारे सांगतात. ‘वा नर’, म्हणजे ‘हा माणूस तर नव्हे?’, ही फोड लोकप्रिय असली तरी ती मागाहून जुळवलेली दिसते. ‘वन’ शब्दाशी जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

खानदेशात गच्चीवर येणारा प्राणी बहुतेक वेळा काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर (लंगूर) असतो. त्याच्या वर्गीकरणाबाबत मतभेद आहेत आणि त्यांची सीमारेषा नेमकी याच प्रदेशातून जाते. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी शेपटीच्या ठेवणीवरून दोन गट पाडले. उत्तरेकडील वानर चालताना शेपटी पाठीवरून डोक्याच्या दिशेने वळवतो, तर दक्षिणेकडील वानर ती मागे झुकती ठेवतो. या दोन गटांमधली सीमा स्थूलमानाने तापी व गोदावरी या नद्यांच्या आसपास मानली गेली. 2001 साली वर्गीकरणतज्ज्ञ कॉलिन ग्रोव्हज यांनी दख्खनच्या वानरांना स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. पुढे बंगळूर येथील संशोधकांनी केलेल्या जनुकीय अभ्यासातून हे वेगळेपण टिकत नाही असे मत पुढे आले आणि सध्या कल त्याच बाजूला आहे. लाल तोंडाच्या माकडांबाबतही तापीचे नाव येते. उत्तरेचे ऱ्हीसस माकड आणि दक्षिणेचे टोपी माकड यांच्यातली पश्चिमेकडील हद्द पूर्वी तापी मानत असत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ऱ्हीसस ती ओलांडून दक्षिणेकडे सरकले आहे.

घरमालकाच्या दृष्टीने यातला वानर आणि लाल तोंडाचे माकड हा भेद फार उपयोगाचा आहे. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. ते घास कोंबून पळते, शिवाय कडी काढणे, डबा उघडणे यांत तरबेज असते. वानराला गालपिशव्या नसतात. तो जागेवर बसून खातो किंवा हातात मावेल तेवढे घेऊन कठड्यावर जातो. त्याचे जठर कप्प्यांचे असून पाला आंबवून पचवण्यासाठी घडलेले आहे. पोळी, भात, बिस्किटे असे पिष्ट व गोड अन्न त्यात वेगाने आंबते. म्हणून दयेने टाकलेली शिळी पोळी त्याच्याही हिताची नाही. दिल्लीत लाल माकडांना घाबरवण्यासाठी वानरांच्या चित्रांचे कटआउट उभारले गेले. खानदेशात खुद्द वानरच येत असल्याने तो उपाय येथे निरर्थक ठरतो.

उपद्रवाचा कडक काळ फाल्गुन ते वैशाख. सातपुड्याच्या उतारांवर पाने झडलेली असतात, पाणी आटलेले असते आणि नेमक्या त्याच दिवसांत गच्च्यांवर बिबडे, कुरडया, शेवया, सांडगे आणि मिरच्या वाळत पडतात. वानर भर दुपारी सावलीत बसतो. त्याच्या चरण्याच्या वेळा सकाळच्या आणि चार वाजल्यानंतरच्या. म्हणून वाळवण दहाच्या सुमारास घालून चारच्या आत उचलणे हा बिनखर्ची उपाय आहे. एक दिवस जास्त लागतो, पण खानदेशी उन्हात त्याने बिघडत नाही.

एक नमुना घर घेऊन पाहू. घर दुमजली, कठडा तीन फुटांचा, दहा फुटांवर कडुनिंब आणि जिन्याच्या दारातून खाली थेट स्वयंपाकघर. वानर सपाटीवर चार-पाच मीटर उडी मारतो, उंचावरून खाली आणखी लांब. त्यामुळे दहा फुटांचे अंतर त्याला काहीच नाही. गच्चीकडे झुकलेल्या फांद्या वीस फुटांपर्यंत मागे घ्याव्या लागतात आणि त्यासाठी शहरात नगरपालिकेची परवानगी आधी घ्यावी लागते. भिंतीवरच्या सांडपाण्याच्या पाइपला जमिनीपासून माणसाच्या उंचीच्या वर तीन फूट गुळगुळीत पत्रा गुंडाळला की चढायला पकड मिळत नाही. तरीही शेजारच्या गच्चीवरून तो येतोच, म्हणून पुढचा भर वाळवणावर द्यायचा.

बाजेवर वाळवण घालून वर लोखंडी पट्टीच्या चौकटीत ताणलेली अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी ठेवावी. जाळी पदार्थापासून किमान चार इंच वर हवी, नाहीतर बोटे पोहोचतात. चूक बहुधा येथे होते: मधे आडवी पट्टी नसते, पंधरा-अठरा किलोचा नर जाळीवर बसतो, जाळी लवते आणि कुरडई बोटाला लागते. चौकट बाजेला चारही कोपऱ्यांवर तारेने बांधावी; नुसता वीटभार दोघे मिळून ढकलतात. सैल नायलॉन जाळी टाळावी, कारण तिच्यात पिल्लांचे पाय अडकतात.

स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज चार-पाच इंच अंतरावर असतील तर लहान पिल्लू आत येते आणि मोठा वानर हात घालतो. गजांवर एक इंची जाळी बसवावी. ती बसेपर्यंत फळांची टोपली खिडकीपासून तीन फूट दूर ठेवावी. जिन्याच्या दाराला आपोआप बंद करणारी स्प्रिंग लावावी, कारण अनेक घरांत शिरकाव ‘दोन मिनिटांसाठी’ उघड्या राहिलेल्या दारातूनच होतो. गच्चीवरील टाकीचे झाकणही बांधून ठेवावे.

फटाके, गलोल, रबरी साप यांचा परिणाम काही दिवसांचाच. आवाजामागून काही होत नाही हे टोळी लवकर ओळखते, आणि गलोलीने जखमही होते. मिरचीपूड, चिकट सापळे व वीजप्रवाह हे तर सरळ इजाच करणारे आहेत. रिकाम्या हाती परतणाऱ्या टोळीच्या फेऱ्या काही आठवड्यांत विरळ होतात. पहिल्या दिवसांत मात्र वानर अधिक वेळ कठड्यावर बसून राहतात. ते उपाय फसल्याचे लक्षण नव्हे. गल्लीतल्या एका घराने अधूनमधून पोळी टाकली तरी सगळे पुन्हा सुरू होते. कधीमधी मिळणारा घास रोजच्या घासापेक्षा सवय घट्ट करतो, म्हणून खाऊ न घालण्यावर गल्लीचे एकमत होणे जाळीइतकेच आवश्यक आहे.

वानर आत शिरलाच तर दार अडवू नये. बाहेरचे दार व खिडकी उघडून बाजूला उभे राहावे, डोळ्यांत रोखून पाहू नये, दात दाखवू नयेत, आणि पिल्लू असल्यास आई व पिल्लू यांच्यामध्ये येऊ नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रेबीज लसीसाठी लगेच दवाखान्यात जावे.

वानर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. वनविभागाच्या परवानगीविना त्याला पकडता येत नाही. राज्याच्या वनविभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. टोळीतला दांडगा नर हलवून प्रश्न सुटेल अशी मागणी वारंवार होते, पण ती धोक्याची आहे. बहुतेक टोळ्यांत एकच प्रौढ नर असतो. तो गेला की बाहेरचे नर टोळीवर चालून येतात आणि नवा नर आधीच्या नराची तान्ही पिल्ले मारतो. हे वर्तन जपानी संशोधक युकिमारु सुगियामा यांनी 1960 च्या दशकात धारवाडजवळ नोंदवले.