सकाळी आठ आणि दुपारी तीन

अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त अपुरं पडून छातीत कळ येण्याच्या आजाराच्या, एका रुग्णाला, वय साधारण बासष्ट, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट या नायट्रेट गटातल्या औषधाच्या 20 मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या दिल्या होत्या, दिवसातून दोन. पहिले काही दिवस त्यांचं डोकं सणकून दुखलं, पण जिना चढताना छातीत येणारी जड कळ थांबली. तीनेक आठवड्यांनी डोकेदुखी गेली आणि कळ परत आली. "गोळी एकही चुकवलेली नाही," असं ते ठासून सांगत होते, आणि ते खरंही होतं. सकाळी आठला एक, रात्री आठला एक, अगदी घड्याळ लावून. चिठ्ठीवर मात्र वेळ होती सकाळी आठ आणि दुपारी तीन. तीनची वेळ अडचणीची वाटली, म्हणून त्यांनी स्वतःच ती "नीट" करून घेतली होती.

दोन गोळ्यांमध्ये बारा तासांचं अंतर ठेवायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बहुतेक औषधांना ते लागूही पडतं. नायट्रेटचा स्वभाव मात्र उलटा.

नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतं. शिरा ऐसपैस झाल्या की बरंचसं रक्त त्यांच्यातच थांबतं, हृदयाकडे कमी परततं. हृदय कमी ताणलं जातं, त्याला प्राणवायूही कमी लागतो आणि कळ टळते. पण वाहिन्या फक्त छातीतच थोड्याच असतात? डोक्यातल्याही रुंदावतात आणि ठणका सुरू होतो. म्हणजे सुरुवातीची डोकेदुखी ही औषध पोचल्याची पावतीच. बहुतेकांची ती आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. तोवर डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात किंवा पॅरासिटामॉल घ्यायला सांगतात. डोकं दुखतं म्हणून गोळी परस्पर बंद करणं मात्र वाईट, कारण दबलेली कळ उसळून येऊ शकते.

शरीराला नायट्रेटची सवय लागते, हे स्फोटकांच्या कारखान्यांत ठळकपणे दिसलं. डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन, तेही एक नायट्रेटच, कामगारांच्या कातडीतून आणि श्वासातून अंगात जाई. सोमवारी त्यांचं डोकं फुटायला येई, आठवडा सरता सरता त्रास थांबे आणि सुट्टीनंतरच्या सोमवारी पुन्हा पहिल्यासारखं. काही जण टोपीच्या पट्टीत थोडं नायट्रोग्लिसरीन लावून घरी नेत, सवय मोडू नये म्हणून! त्यांच्या तक्रारीतच आपल्या कामाची गोष्ट दडलेली आहे: एक-दोन दिवसांची सुट्टी मिळाली की सवय पुसली जाते.

औषध रक्तात अखंड राहिलं तर एक-दोन दिवसांतच त्याची धार बोथट होऊ लागते. याचं नेमकं कारण अजून एका वाक्यात मांडता येत नाही. वाहिन्यांच्या भिंतीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात आणि नायट्रिक ऑक्साइडला निकामी करतात. शिवाय वाहिन्या सैल झालेल्या पाहून शरीर त्यांना आवळणारी संप्रेरकं सोडतं आणि पाणी धरून ठेवतं. डोस वाढवून यावर मात होत नाही. रोज दहा ते चौदा तास औषधाची पातळी खाली राहू दिली, की वाहिन्या पुन्हा दाद देऊ लागतात.

आता त्या रुग्णाचा हिशोब. मोनोनायट्रेट रक्तात दर पाच तासांनी साधारण निम्मं होतं. दुपारी तीनच्या गोळीनंतरची पातळी शंभर धरली, तर रात्री आठला पन्नास, एकला पंचवीस आणि पहाटे सहाला जेमतेम बारा. रात्रभर वाहिन्यांना उसंत मिळाली. तीच गोळी रात्री आठला घेतली, तर शंभर तिथून सुरू होते: रात्री एकला पन्नास, सहाला पंचवीस आणि आठला पुढची गोळी हजर. मोकळी रात्र उरतच नाही. त्यांची वेळ पुन्हा तीनवर आणली, डोस तोच ठेवला; काही दिवसांत जिना पुन्हा सोपा झाला. डोकं मात्र दोन-तीन दिवस परत दुखलं, आणि त्या वेळी ते ऐकून आम्हाला बरंच वाटलं.

दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी गोळी सकाळी देतात ती याच कारणाने. ती चावू किंवा कुटू नये, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. रात्री किंवा पहाटे कळ येणाऱ्यांचं गणित वेगळं: त्या मोकळ्या तासांत राखण करायला बहुधा बीटा ब्लॉकरसारखं दुसरं औषध असतं, किंवा डॉक्टर ती सुट्टीच दिवसा सरकवतात. सुट्टीच्या वेळातही कळ आली तर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची तातडीची गोळी घ्यायचीच, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर तातडीची मदत बोलवायची. लैंगिक ताठरतेसाठी घेतात ती सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिलची गोळी मात्र नायट्रेटबरोबर कधीच नाही. मोकळ्या तासांतही नाही. रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.