‘पीपल’मधला ग्राहक कुठे गेला?

मार्केटिंगच्या प्रश्नमंजुषेत सेवा क्षेत्राच्या सात पींवर, म्हणजे सेवा विकताना जुळवायच्या ‘पी’ने सुरू होणाऱ्या सात घटकांवर, एक प्रश्न हमखास असतो: ‘पीपल या घटकात कोणाचा समावेश होतो?’ पर्याय असे: फक्त कर्मचारी, कर्मचारी आणि व्यवस्थापक, कर्मचारी आणि ग्राहक, फक्त ग्राहक. बहुतेक जण पहिल्या दोनपैकी एकावर खूण करतात, पण बरोबर उत्तर तिसरं. ही चूक निव्वळ अभ्यास कमी पडल्याने होत नाही, हे माझं ठाम मत आहे. तिचं मूळ एका शब्दबदलात आहे.

हे पी ज्यातून आले ती ‘मार्केटिंग मिक्स’ ही कल्पना नील बोर्डन यांनी रूढ केली. जेम्स कलिटन यांनी 1948 मध्ये मार्केटिंग अधिकाऱ्याला निरनिराळे घटक एकत्र कालवणारा माणूस म्हटलं होतं, तिथून बोर्डन यांना ती सुचली. त्यांची स्वतःची यादी बारा घटकांची होती. 1960 मध्ये जेरोम मॅकार्थी यांनी प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन असे चारच गट केले. लक्षात ठेवायला सोपे, म्हणून ते टिकले.

हे चार पी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूला छान लागू पडतात, कारण वस्तू आधी तयार होते आणि मग विकली जाते. सेवा मात्र घेणाऱ्याच्या समोर, बऱ्याचदा त्याच्याच मदतीने घडते. बँकेत काम केलेल्या लिन शोस्टॅक यांनी 1977 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. सेवा हातात धरता येत नाही, म्हणून ग्राहक आजूबाजूच्या दिसणाऱ्या वस्तूंवरून तिचा अंदाज बांधतो आणि हा ‘पुरावा’ जाणीवपूर्वक सांभाळावा लागतो, असं त्यांनी मांडलं. सात पींपैकी ‘फिजिकल एव्हिडन्स’मधला एव्हिडन्स हा शब्द आज खटकतो, पण शोस्टॅक यांचं म्हणणं वाचलं की तो चपखल वाटतो.

पुढे 1981 मध्ये बर्नार्ड बूम्स आणि मेरी जो बिटनर यांनी चारात माणसं, प्रोसेस म्हणजे सेवेच्या पायऱ्या आणि फिजिकल एव्हिडन्स असे तीन घटक घालून सात केले. मात्र त्यांच्या मूळ मांडणीत ‘पीपल’ हा शब्द नव्हता. तिथे होता ‘पार्टिसिपंट्स’, म्हणजे सेवा घडताना त्यात भाग घेणारे सगळे. त्यात कर्मचारी आले, तसे त्याच वेळी तिथे हजर असलेले इतर ग्राहकही आले. पाठ्यपुस्तकांत पुढे ‘पीपल’ रुळला. व्याख्येत ग्राहक राहिला, पण शब्दातून दिसेनासा झाला. ‘भाग घेणारे’ म्हटलं की ग्राहक आपोआप डोळ्यांपुढे येतो. ‘पीपल’ म्हटलं की गणवेशातली माणसं येतात.

रक्त तपासणी केंद्राचं उदाहरण घेऊ. उपाशीपोटी साखर तपासायची आहे आणि ग्राहक नाश्ता करून आला. रक्त काढणाऱ्याचा हात सफाईदार आहे, यंत्र उत्तम आहे, तरीही अहवाल उपयोगाचा नाही. सेवा बिघडली ती ग्राहकाच्या वागण्यामुळे. ‘ग्राहकाला तयारी समजावून देणे कोणत्या पीमध्ये येते?’ असं विचारलं तर उत्तर पीपल, कारण ग्राहकाचं शिक्षण त्याच घटकात धरलं जातं. पण ‘नोंदणी, सूचना, रक्त काढणे, अहवाल हा क्रम कोणत्या पीमध्ये?’ असं विचारलं तर उत्तर प्रोसेस. प्रसंग तोच असला तरी उत्तर बदलतं. म्हणून प्रश्न माणसाबद्दल आहे की पायऱ्यांबद्दल, हे आधी पाहायचं.

त्याच केंद्रात आणखी दोन सापळे आहेत. कर्मचाऱ्याचा पांढरा कोट माणसाच्या अंगावर असला तरी पाठ्यपुस्तकं तो फिजिकल एव्हिडन्समध्ये धरतात. त्या कर्मचाऱ्याची निवड आणि प्रशिक्षण पीपलमध्ये. तसंच केंद्र कुठल्या रस्त्यावर आहे हे प्लेस, पण आत शिरल्यावर दिसणारी बसायची जागा, पाट्या, छापील अहवाल हे फिजिकल एव्हिडन्स. टोकनची चिठ्ठी हातात धरता येते म्हणून ती एव्हिडन्स. टोकनप्रमाणे आत बोलावण्याची पद्धत ही प्रोसेस.

‘यातला कोणता घटक सात पींमध्ये नाही?’ या प्रश्नात यादीबाहेरचा पर्याय म्हणून बहुधा पॅकेजिंग किंवा पोझिशनिंग दिलेलं असतं. पॅकेजिंग बोर्डन यांच्या बारांत स्वतंत्र होतं, मॅकार्थींच्या मांडणीत ते प्रॉडक्टच्या पोटात गेलं. ‘प्रॉडक्टिव्हिटी अँड क्वालिटी’ पर्याय दिसला तर प्रश्नातला आकडा पुन्हा वाचावा. ख्रिस्तोफर लव्हलॉक यांनी तो आठवा पी म्हणून जोडला, त्यामुळे सात विचारले असतील तर तो बाहेर आणि आठ विचारले असतील तर आत.