यादी दाखवणारा ड्राय रन आणि पान बांधणारा ड्राय रन

सोलापूर बाजार समितीतील कांद्याची रोजची आवक आणि दर दाखवणारा एक डॅशबोर्ड आम्ही चालवतो. रोज संध्याकाळी सव्वासहा वाजता क्रॉनमधून एक स्क्रिप्ट सुटते, मागील सात दिवसांची माहिती आणते, पान तयार करते, ते सर्व्हरवर चढवते आणि शेतकऱ्यांच्या गटाला संदेश पाठवते. या स्क्रिप्टमध्ये बदल करायचा असला की ‘आधी ड्राय रन करून बघा’ असे सगळेच म्हणतात. परंतु या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरतात.

पहिल्या प्रकारात स्क्रिप्ट प्रत्यक्ष काहीच करत नाही, काय केले असते तेवढे सांगते. `make -n` ही आज्ञा अशीच वागते: चालवायच्या आज्ञा छापते आणि थांबते. दुसऱ्या प्रकारात शेवटची पायरी सोडून सगळे खरोखर घडते. माहिती खऱ्या स्रोताकडून येते, बेरजा होतात, आलेख काढले जातात, पूर्ण पान तयार होते. फक्त ते बाहेर जात नाही. `git push --dry-run` हा याच्या जवळचा नमुना आहे, कारण तो दूरच्या सर्व्हरशी खरोखर बोलतो आणि बदल पाठवण्याचे तेवढे टाळतो.

फरक किती मोठा आहे, हे आमच्या एका बदलावरून स्पष्ट होईल. सर्वसाधारण दराची सात दिवसांची सरासरी पानावर दाखवायची होती. यादी दाखवणाऱ्या ड्राय रनने ‘माहिती आणणे, सरासरी काढणे, पान बांधणे, चढवणे’ अशा चार ओळी छापल्या आणि त्यात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते. पान बांधणारा ड्राय रन चालवल्यावर मात्र सरासरी 1286 रुपये क्विंटल आली, आणि तिच्या शेजारच्याच तक्त्यात आठवड्यातला सर्वांत कमी दर 1400 होता. सरासरी सर्वांत लहान आकड्याच्याही खाली जाऊच शकत नाही. लिलाव बंद असलेल्या दिवशी दराच्या जागी आडवी रेघ येते आणि आमच्या कोडने तिचे शून्य केले होते. सहा दिवसांच्या 9000 या बेरजेला सहाऐवजी सातने भागले गेले होते. खरी सरासरी 1500 होती. ही चूक कोडमध्ये कमी आणि त्या आठवड्याच्या माहितीत जास्त दडलेली होती. म्हणून माहिती न आणणाऱ्या ड्राय रनला ती दिसणे शक्यच नव्हते.

मात्र दुसऱ्या प्रकाराला एक शिस्त पाळावी लागते, आणि मला वाटते इथेच सर्वाधिक चुका होतात. ‘प्रकाशित करू नये’ याचा अर्थ केवळ ‘पान चढवू नये’ असा घेतला जातो. आमची स्क्रिप्ट शेवटी आजची तारीख एका फाइलमध्ये लिहून ठेवते आणि ती तारीख दिसली की त्या दिवशी पुन्हा काम करत नाही. दुपारच्या ड्राय रनने ही नोंद केली, तर संध्याकाळची खरी फेरी ‘काम झाले आहे’ असे समजून गप्प बसेल आणि लोकांना कालचेच पान दिसत राहील. त्यामुळे पान, संदेश आणि नोंद हे तिन्ही एकाच फाटकाच्या पलीकडे हवेत:

```python
html = build(fetch())
if args.dry_run:
    Path("out-dry/index.html").write_text(html)
    return
upload(html)
send_message()
write_state(today)
```

प्रत्येक फंक्शनमध्ये वेगवेगळे `if` पेरण्यापेक्षा असे एकच फाटक वाचायला सोपे जाते, आणि उद्या कोणी नवीन संदेशसेवा जोडली तर तिची जागा कुठे, हेही आपोआप कळते. पान वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यामुळे काल प्रकाशित झालेले पान शेजारी उघडून आकडे ताडून पाहता येतात. नुसते ‘यशस्वी’ असे छापून आलेले पाहून समाधान मानले असते, तर 1286 आमच्याही नजरेतून सुटले असते.

यादी दाखवणारा प्रकार निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. पायऱ्यांचा क्रम किंवा फाइलचा मार्ग बदलला असेल, तर तो काही क्षणांत उत्तर देतो आणि स्रोतावर भारही टाकत नाही. दुसरा प्रकार प्रत्येक वेळी खरी मागणी पाठवतो, म्हणून स्रोताने मागण्यांवर मर्यादा घातली असेल तर तो वारंवार चालवणे परवडत नाही.

दोन्ही प्रकारांना न दिसणारी जागा म्हणजे फाटकापलीकडचा भाग. सर्व्हरचा पासवर्ड बदलला असेल किंवा तिथली जागा भरली असेल, तर ड्राय रन निर्विघ्न पार पडतो आणि सव्वासहाला काम अडते. त्यामुळे `upload` मध्येच बदल केला असेल, तर आम्ही ड्राय रनवर विसंबत नाही. कोणाला माहीत नसलेल्या चाचणीच्या पत्त्यावर पान खरोखर चढवतो आणि ब्राउझरमध्ये उघडून पाहतो.