टीबीसारखाच दिसणारा डाग: खोकल्यापासून कर्करोगाच्या स्टेजपर्यंत

समजा, माजलगाव तालुक्यातले साठीतले एक तात्या आहेत. तरुणपणापासून बिडीची सवय. ऊसतोडीच्या हंगामात लागलेला खोकला गावी परतल्यावरही जात नाही, वजन उतरलंय आणि आता बेडक्यात रक्ताची रेघ दिसते. अशा वेळी आधी टीबीचा विचार होतो आणि तो बरोबरच आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायलाच हवी. अडचण पुढे येते. थुंकीत जंतू सापडत नाहीत, पण छातीच्या फोटोत उजवीकडे वरच्या भागात डाग दिसतो आणि तेवढ्यावर टीबीच्या गोळ्या सुरू होतात. डाग फुप्फुसाच्या कर्करोगाचा असेल तर गोळ्या चालू असतानाच गाठ वाढत राहते.

म्हणून थुंकी निगेटिव्ह असेल तर घरच्यांनी डॉक्टरांना सरळ विचारावं, की टीबीचं निदान कशावरून केलं? गोळ्या सुरू केल्याच असतील तर दोन महिन्यांनी पुन्हा फोटो काढून जुन्या फोटोशेजारी ठेवून बघायला सांगावं. डाग तसाच असेल किंवा वाढला असेल तर सीटी स्कॅन करायलाच हवा. तात्यांसारखं वय, बिडी आणि बेडक्यात रक्त असेल तर तेवढे दोन महिनेही थांबू नये. आणि बिडी कधी ओढलीच नाही, म्हणून कर्करोग नसेलच असंही धरून चालू नये.

सीटी स्कॅनमध्ये गाठीचा आकार कळतो, छातीच्या मधल्या लसिका गाठी, म्हणजे शरीरात मुळातच असणाऱ्या छोट्या ग्रंथी, दिसतात आणि स्कॅन थोडा खालपर्यंत घेतला तर यकृतही दिसतं. शिरेतून औषध देऊन हा स्कॅन करतात, त्याआधी किडनी नीट चालते का हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात. तात्यांची गाठ ४.२ सेंटिमीटरची निघाली. पण सीटी फक्त संशय पक्का करतो, नाव देत नाही. नाव मिळतं ते बायोप्सीतून.

इथे बरीच कुटुंबं अडखळतात. ‘गाठीला सुई लावली की पसरते’ असं गावात कोणीतरी सांगतंच. सुईमुळे कर्करोग पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे, आणि बायोप्सी न करता केमो सुरू करणं हा अंदाजावरचा इलाज आहे. गाठ छातीच्या भिंतीजवळ असेल तर सीटीत बघत बाहेरून सुई घालतात, श्वासनळीजवळ असेल तर दुर्बीण आत सोडून तुकडा घेतात. सुईचा खरा धोका म्हणजे फुप्फुसाभोवती हवा साठणं. म्हणून काही तास थांबवून पुन्हा फोटो काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगावं.

तुकडे बाटलीत जातात तेव्हा एक गोष्ट जरूर विचारावी. कर्करोगाच्या तपासणीसाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, त्यातून होत नाही. म्हणून एखादा तुकडा वेगळा, साध्या सलाइनमध्ये पाठवावा लागतो. दोन्ही शंका असताना सगळं एकाच बाटलीत गेलं, तर कदाचित पुन्हा सुई घ्यावी लागते. रिपोर्टमध्ये ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असं आलं तरी सुटलो असं समजू नये. सुई गाठीच्या मेलेल्या भागात गेली असू शकते. संशय दाट असेल तर बायोप्सी पुन्हा करतात.

तात्यांच्या रिपोर्टमध्ये अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार आला. या प्रकारात ईजीएफआर आणि एएलके या जनुकांच्या तपासण्या महत्त्वाच्या असतात, कारण त्यावरून काहींना गोळीच्या रूपातला इलाज चालतो. त्या तपासण्या मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यावर होतात. दुसऱ्या दवाखान्यात जाताना रिपोर्टसोबत तो मेणाचा ब्लॉक आणि तुकड्याचे काप लावलेल्या काचा मागून घ्याव्यात.

आता स्टेज. पेट स्कॅनमध्ये साखर जास्त खाणाऱ्या पेशी चमकतात. तात्यांच्या गाठीबरोबर छातीच्या मध्यभागातल्या लसिका गाठीही चमकल्या. कर्करोग तिथे पोहोचला असता तर ही तिसरी स्टेज ठरली असती. पण टीबीच्या गाठीसुद्धा पेटमध्ये अगदी तशाच चमकतात, आणि आपल्याकडे जुना टीबी असणं नवलाचं नाही. म्हणून ईबस करतात. यात टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण श्वासनळीत घालून, तिथून सुईने त्या गाठींचा नमुना घेतात. तात्यांच्या नमुन्यांत कर्करोगाच्या पेशी नव्हत्या, जुन्या टीबीसारखी सूज होती. मेंदू मुळातच भरपूर साखर वापरतो, त्यामुळे पेटमध्ये तिथली लहान गाठ लपते. म्हणून एमआरआय वेगळा केला, तोही स्वच्छ आला. ४.२ सेंटिमीटरची गाठ, लसिका गाठी मोकळ्या, दुसरीकडे पसरण नाही, म्हणजे दुसरी स्टेज. छातीत पाणी भरलेलं असतं आणि त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी मिळाल्या असत्या, तर गाठ एवढीच असूनही चौथी स्टेज धरली असती.

नुसत्या पेटच्या रिपोर्टवर ‘तिसरी’ म्हटलं असतं तर ऑपरेशनचा विचार कदाचित मागे पडला असता. आता तात्यांची श्वासाची ताकद मोजायची तपासणी होईल. फुप्फुसाचा एक भाग काढल्यावर उरलेलं फुप्फुस पुरेल का, हे सर्जन त्यावरून ठरवतील.