ताणलेला रबरबँड तापवल्यावर आखडतो कसा?

सुमारे एक सेंटिमीटर रुंदीचा रबरबँड घ्या आणि क्षणभर वरच्या ओठाला टेकवून पाहा. मग तो ओठापासून दूर धरून झटकन चार-पाच पट ताणा आणि ताणलेलाच पुन्हा ओठाला लावा. तो कोमट लागेल. तसाच ताणून अर्धा मिनिट थांबा, म्हणजे त्याची ऊब हवेत निघून जाईल. आता दोन्ही टोकं न सोडता हात पटकन जवळ आणा आणि सैल झालेला बँड ओठाला लावा. या वेळी तो गार लागेल.

हा प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी. सावकाश ताणलं तर ऊब ताणता ताणताच हवेत जाते. बारीक बँड घेतला तर ती ओठापर्यंत पोचेपर्यंत टिकत नाही. जुना, भेगा पडलेला बँड तर वापरूच नये, तो तुटून डोळ्याला लागू शकतो. ओठच का, तर तिथली त्वचा बोटांच्या टोकांपेक्षा तापमानातले छोटे फरक चांगले टिपते. इंग्लंडमधल्या जॉन गॉफ यांनी १८०५ साली या परिणामाचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेही ओठांनी तपासूनच. ते लहानपणापासून दृष्टिहीन होते.

ताणताना रबर आतल्या आत घासलं जातं म्हणून तापतं, असं वाटणं साहजिक आहे. पण घर्षण उलट्या दिशेनेही उष्णताच देतं. बँड सोडतानाही तापायला हवा होता, आणि तो तर गार होतो. रबरात थोडं घर्षण असतंच. तोच बँड भराभर पन्नास वेळा ताणून सोडला तर त्यामुळेच तो हळूहळू तापत जातो. एका ताणण्यातली ऊब मात्र वेगळ्या ठिकाणाहून येते.

नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीन या छोट्या रेणूचे हजारो दुवे जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. व्हल्कनायझेशनमध्ये, म्हणजे रबर गंधकाबरोबर तापवण्याच्या प्रक्रियेत, गंधकाच्या पुलांनी या साखळ्या एकमेकींना अधूनमधून बांधल्या जातात, म्हणून ताणल्यावर त्या घसरून वेगळ्या होत नाहीत. दोन पुलांमधला तुकडा मात्र मोकळा असतो. खोलीच्या तापमानाला त्याचे दुवे सतत वळत, वळवळत असतात आणि या वळण्याला ऊर्जेचा अडथळा फारसा नसतो. रबर ताणताना आपण दुव्यांमधले बंध लांबवत नाही, गुंता उलगडतो.

गुंता उलगडायला जोर का लागतो, ते मोजूनच पाहू. दहा दुव्यांची एक साखळी धरा, जिचा प्रत्येक दुवा उजवीकडे किंवा डावीकडे तोंड करू शकतो. पूर्ण ताणायची तर दहाही दुवे उजवीकडे हवेत, आणि अशी मांडणी एकच. टोकांमधलं अंतर सहा दुव्यांएवढं हवं तर आठ उजवीकडे आणि दोन डावीकडे लागतात. हे ४५ प्रकारे जमतं. दोन्ही टोकं एकाच जागी यायची तर पाच-पाच, आणि त्याचे प्रकार २५२. ऊर्जा सगळ्या मांडण्यांची सारखीच. तरीही उष्णतेच्या धक्क्यांनी हलणारी साखळी बहुतेक वेळ आखडलेल्या अवस्थेत सापडेल, कारण तशा मांडण्याच जास्त आहेत. मांडण्यांच्या संख्येचं लॉगॅरिदममधलं माप म्हणजे एन्ट्रॉपी. बँड ताणला की ती घटते आणि सोडला की वाढते. कोणी साखळीला आत ओढत नसतं. आखडण्याचे रस्ते जास्त आहेत, एवढंच.

आता उबेचा हिशोब लागतो. हातांनी केलेलं काम बंधांमध्ये साठत नाही, तेव्हा ते जवळजवळ सगळं रेणूंच्या हालचालीत जातं, म्हणजेच तापमान वाढतं. पंपात हवा दाबल्यावर ती तापते, त्यातलाच हा प्रकार. पाच पट ताणायला दर घनसेंटिमीटर रबरामागे सुमारे साडेचार ज्यूल काम लागतं, आणि तेवढंच रबर एक अंशाने तापवायला सुमारे पावणेदोन ज्यूल. म्हणजे वाढ अडीच अंशांच्या आसपास. प्रत्यक्षात ती याहून जास्त भरू शकते, कारण इतकं ताणलेलं नैसर्गिक रबर जागोजागी स्फटिकरूप घेऊ लागतं, आणि गोठणाऱ्या पाण्यासारखं तेही उष्णता सोडतं.

तापवल्यावर आखडण्याचं उत्तर याच साखळीत आहे. आखडणारा जोर उष्णतेच्या धक्क्यांतूनच येतो, म्हणून तो केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो:

F = C × T × (λ − 1/λ²)

इथे λ म्हणजे मूळ लांबीच्या किती पट ताणलं, आणि C हा त्या बँडचा स्थिरांक. ८ सेंमीचा बारीक बँड खुंटीला अडकवून खाली पाण्याची बाटली टांगा आणि लांबी २० सेंमी होईपर्यंत बाटलीत पाणी घालत जा. बारीक बँडला साधारण चारशे-पाचशे ग्रॅम पुरतात. λ झाला २.५ आणि कंसातली किंमत २.३४. आता बँड २७ वरून ५७ अंश सेल्सिअसवर, म्हणजे ३०० वरून ३३० केल्विनवर न्या. T दहा टक्क्यांनी वाढलं, वजन मात्र तेच, म्हणून कंसातली किंमत २.१३ वर उतरायला हवी. त्यासाठी λ सुमारे २.३१ लागतो. बँड साडेअठरा सेंमीवर येतो आणि बाटली दीड सेंटिमीटर वर चढते. तेवढ्याच लांबीची पोलादी तार याच उष्णतेने मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी लांबते, आणि तीही खाली.

दीड सेंटिमीटर हे कागदावरचं. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा बँडच्या सगळ्या लांबीवर सारखी पडत नाही, म्हणून प्रत्यक्षात बाटली त्याहून कमी चढते. हवा आडवी, फक्त बँडवर सोडा. बाटलीवर पडली तर ती झुलू लागते आणि मोजणी बिघडते. मोठा घोटाळा होतो तो रबर वजनाखाली सावकाश वाहवत जाऊन लांबण्याचा, आणि गरम केल्यावर हे वाहवणं वेगाने होतं. म्हणून वजन टांगल्यावर अर्धा तास थांबून मगच मोजायला घ्यावं. थंड झाल्यावर बाटली जुन्या खुणेवर परतली तर मोजलेलं आखडणं खरं. ती खुणेच्या खाली राहिली तर मधे वाहवणं झालं, आणि मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे.

आणि हलकं वजन लावून, बँड जेमतेम ताणलेला ठेवून हाच प्रयोग केला, तर बाटली खाली जाते! इतर पदार्थांसारखं रबरही तापल्यावर प्रसरण पावतं. बँड मूळ लांबीच्या सुमारे दहा टक्क्यांहून कमी ताणलेला असेल तर एन्ट्रॉपीचं आखडणं इतकं क्षीण असतं की प्रसरण त्यावर मात करतं. मग ओठांचा प्रयोगही त्याच ठिकाणी उलटायला हवा: वजनाखाली तापवल्यावर जे लांबतं, ते झटकन ताणल्यावर गार झालं पाहिजे, असं उष्मागतिकी सांगते. तसंच घडतं. हा गारवा अंशाच्या अगदी छोट्या भागाएवढा असल्याने ओठांना कळत नाही, पण जेम्स ज्यूल यांनी १८५९ साली तापमानातले बारीक फरक विजेच्या रूपात दाखवणारा थर्मोकपल वापरून तो टिपला: थोडं ताणलं की रबर किंचित गार, आणखी ताणलं की गरम.